कारणाचा रकाना

भोर, नसरापूर, खेड शिवापूर या बाजूच्या दुधाच्या गाड्या पहाटे बोगदा ओलांडून कात्रजच्या उताराला लागल्या की आधी कॅनचा खडखडाट ऐकू येतो आणि मग दिवे दिसतात. त्या खडखडाटावर मी एकोणीस वर्षे उठलो. कात्रजमध्ये डेअरी म्हटले की लोकांना पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची डेअरी आठवते, आणि ते साहजिकच आहे. संघाचे दूध गावाच्याच नावाने विकले जाते. माझी नोकरी मात्र तिथली नव्हे. त्याच परिसरातल्या एका लहान खासगी डेअरीत मी केमिस्ट म्हणून लागलो आणि प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो. तिचे नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात आमची सगळ्यांचीच थोडी फजिती आहे.

डॉकवर गाडी लागली की प्रत्येक संस्थेच्या दुधाचा निकाल काही मिनिटांत लावायचा असतो. झाकण उघडताच आधी नाक पुढे जाते. मग पलटा घालून दूध ढवळायचे, नमुना घ्यायचा आणि सीओबी लावायची. सीओबी म्हणजे परीक्षानळीत साधारण पाच मिलिलिटर दूध घेऊन ती उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटे धरायची, बाहेर काढून तिरकी करायची आणि काचेला कण चिकटतात का ते पाहायचे. कण दिसले, तर ते दूध पाश्चरायझरची उष्णता सोसणार नाही. पुढे सोड्यासाठी रोझॅलिक ॲसिड, युरियासाठी पिवळा रंग देणारे रसायन, स्टार्चसाठी आयोडीन, आणि शेवटी फॅट व लॅक्टोमीटरची डिग्री. या साऱ्याचा निकाल दोनच शब्दांत येतो : ‘घेतले’ किंवा ‘परत’. तो लिहिताना कोणाचा हात अडखळत नाही. हात अडखळतो तो शेजारच्या रकान्यात. त्या रकान्याचे नाव ‘कारण’.

कागदी रजिस्टर होते तोवर या रकान्याकडे कोणी पाहिले नाही. माणूस वाचणार, माणूस समजून घेणार. एकाने ‘आंबट’ लिहिले, दुसऱ्याने ‘सीओबी पॉझिटिव्ह’, तिसऱ्याने ‘उकळताना फाटले’; महिन्याची बेरीज करणारा कारकून तीस वर्षांचा मुरलेला होता, तो तिन्हींवर एकच खूण करत असे. खरे तर वर्गीकरण त्याच्या डोक्यात होते आणि रजिस्टर फक्त कच्चा माल पुरवत होते. तो निवृत्त झाला, डॉकवर संगणक आला, आणि व्यवस्थापकांच्या खोलीत भिंतीवर एक मोठा पडदा लागला. सकाळी दहा वाजता त्यावर आदल्या दिवसाचा आणि चालू महिन्याचा हिशेब रंगीत पट्ट्यांमध्ये दिसायचा. त्याला सगळे डॅशबोर्ड म्हणत. त्या पडद्याला अक्षर तेवढे कळते, अर्थ कळत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

पहिल्या आठवड्यात विनोदच झाला. ‘परत’ दुधाच्या कारणांचे एक गोल चित्र होते आणि कोणता रंग कशाचा हे सांगणारी यादी त्याच्या बाजूला. आमच्या एका तरुण केमिस्टला सविस्तर लिहायची सवय होती. त्याने एका नोंदीत लिहिले होते, ‘सायंकाळचे दूध सकाळच्या कॅनमध्ये मिसळल्याने आंबूस वास, सीओबी पॉझिटिव्ह, तापमान ३१, सचिवांना फोन केला’. हे सगळेच्या सगळे त्या यादीत आले. यादी इतकी रुंद झाली की मूळ चित्राला लिंबाएवढी जागा उरली. आम्ही हसलो. संगणकवाल्याला बोलावून अक्षरे लहान करून घेतली आणि विषय संपला असे मानले. रोग सोडून पुरळावर मलम लावावे तसे ते होते.

खरी किंमत मे महिन्यात मोजावी लागली. त्या महिन्यात एकूण १४० कॅन परत गेले, आमच्या मानाने बरेच. पडद्यावर सर्वांत उंच पट्टी होती ‘डिग्री कमी’ची, ३१ कॅनची. तिच्या खाली कोणी नऊ, कोणी सात, कोणी चार, आणि मग एकेका कॅनच्या बारीक पट्ट्यांची रांग. डिग्री कमी म्हणजे दुधातले फॅटखेरीजचे घन पदार्थ, एसएनएफ, कमी. व्यवस्थापकांनी जे करायला हवे तेच केले. पर्यवेक्षकांना गावोगाव पाठवले, लॅक्टोमीटर तपासून घेतले, क्षारमिश्रण आणि हिरव्या चाऱ्यावर संस्थांमध्ये बैठका घेतल्या. यात तीन आठवडे गेले आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात परतीचा आकडा तसूभरही हलला नव्हता.

एका रविवारी मी ती नोंदवही छापून घरी आणली आणि त्या जुन्या कारकुनासारखा पेन्सिल घेऊन बसलो. १४० नोंदींमध्ये एकाच गोष्टीला, म्हणजे उकळताना दूध फाटण्याला, तेवीस प्रकारे लिहिलेले सापडले. ‘सीओबी’, ‘सी.ओ.बी.’, ‘COB’, ‘COB +’, ‘COB+ve’, ‘आंबट’, ‘आंबट दूध’, ‘आम्बट’, ‘दूध आंबट आहे’, ‘फाटले’, ‘फुटले’, ‘नासले’, आणि बाकीच्या तापमानासह, आम्लतेच्या आकड्यासह, फोन केल्याच्या नोंदीसह. या सगळ्यांची बेरीज ६८ भरली. निम्म्याच्या जवळपास. ‘डिग्री कमी’ सर्वांत उंच दिसत होती त्याचे कारण एवढेच, की लॅक्टोमीटरवर बसणारा आमचा माणूस वर्षानुवर्षे तेच दोन शब्द, त्याच अक्षरांत लिहीत आला होता. डॅशबोर्डवर पहिला नंबर सर्वांत मोठ्या दोषाला मिळाला नव्हता, सर्वांत शिस्तीच्या हाताला मिळाला होता.

त्या ६८ मधले ४४ कॅन भोरकडच्या एकाच मार्गावरचे निघाले. तिथल्या एका गावात संध्याकाळचे दूध थंड करणारा कूलर होता, पण रात्री वीज जायची आणि जनरेटरला डिझेल कोण भरणार यावर दोन संस्थांचे जमत नव्हते. कोमट दूध रात्रभर तसेच राहायचे आणि पहाटे डॉकवर फाटायचे. डिझेलचा प्रश्न दोन दिवसांत मिटला. तीन आठवडे आम्ही चाऱ्यावर व्याख्याने देत होतो.

यानंतर कारणांची यादी करायला बसलो. पहिला नियम सोपा होता आणि तोच पाळायला सर्वांत अवघड गेला : कारणाच्या रकान्यात आकडा लिहायचा नाही. ‘तापमान ३१’ आणि ‘तापमान ३२’ माणसाला एकच गोष्ट सांगतात. मोजणाऱ्या यंत्राला त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे दर वेळी बदलते ते कारणाच्या नावात शिरले, की प्रत्येक कॅनला स्वतःचे कारण मिळते आणि मग मोजायला काही उरत नाही. तरुण केमिस्टचा आक्षेप होता की यामुळे माहिती हरवेल. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून आकड्यांना त्यांचे रकाने दिले आणि बाकी सगळ्या हकिकतीसाठी शेवटी ‘नोंद’ नावाचा मोकळा रकाना ठेवला. त्याचीच ती लांबलचक ओळ अशी झाली :

```
निकाल,कारण,तापमान,नोंद
परत,सीओबी,31,"सायंकाळचे दूध सकाळच्या कॅनमध्ये मिसळल्याने आंबूस वास; सचिवांना फोन केला"
```

त्यातले काहीही वाया गेले नाही. फक्त मोजायचा शब्द आणि वाचायचे वाक्य वेगळे झाले. डॅशबोर्ड ‘कारण’ मोजतो. एखादी पट्टी अचानक वाढली की माणूस ‘नोंद’ उघडून वाचतो. पुढे त्याच केमिस्टच्या नोंदी सर्वांत उपयोगी ठरल्या, हेही सांगायला हवे. त्याच्या हाताला लिहिण्याची ओढ होती, ती फक्त चुकीच्या घरात उतरत होती.

दुसरी अडचण मराठीची स्वतःची आहे आणि ती मला संगणकवाल्याने दाखवेपर्यंत माहीत नव्हती. यादी ठरली, मी सगळ्यांना सांगितले की आता याच अकरा शब्दांपैकी एक लिहायचा. सुरुवातीला त्यात ‘सीओबी’च्या जागी ‘ॲसिडिटी’ हा शब्द होता. आठवड्याने पडद्यावर ‘ॲसिडिटी’ दोनदा दिसली. दोन पट्ट्या, तेच नाव, तीच अक्षरे. मी चष्मा पुसून पाहिले. संगणकवाल्याने दोन्ही शब्दांची आतली चिन्हे काढून दाखवली :

```
ॲ    U+0972
अॅ   U+0905 U+0945
```

एका केमिस्टच्या फोनवरचा कळफलक ‘ॲ’ हे एकच अक्षर टाकत होता. डॉकवरच्या संगणकावर दुसरा जण ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देत होता. डोळ्याला फरक नाही, यंत्राला दोन शब्द. ‘दुसऱ्या’मधल्या आडव्या रफाराचेही तसेच, तो दोन वेगळ्या मार्गांनी टाकता येतो आणि पडद्यावर सारखाच दिसतो. शिवाय शब्दाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा असतेच. ती एक्सेलच्या TRIM ने जाते, पण संकेतस्थळावरून किंवा व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या मजकुरात कधी कधी न तुटणारी जागा येते, तिला TRIM हात लावत नाही. हे सगळे धुऊन घेता येते, अशा जोड्यांचे कोष्टक करून एकाचे दुसऱ्यात रूपांतर करता येते, आणि जुन्या नोंदींसाठी आम्हाला ते करावे लागलेच. पण रोज धुण्यापेक्षा मळू न देणे स्वस्त. कारण लिहायचेच बंद केले. आता ते यादीतून बोटाने निवडतात, आणि निवडल्यावर आत साठतो तो शब्द नव्हे, आकडा. सीओबी म्हणजे ०४. पडद्यावर तो पुन्हा मराठीत दिसतो. हातमोजे घातलेल्या, ओल्या हातांच्या माणसालाही ते सोयीचे पडले, हा न मागितलेला फायदा.

इथवरचे काम शिस्तीचे होते. यादीत कोणते शब्द घ्यायचे, इथे खरा विचार करावा लागला.

‘आंबट’ हा शब्द मला स्वतःला प्रिय होता. छोटा, मराठी, गावातल्या कोणालाही कळणारा. तरी तो यादीत घेतला नाही. उकळताना फाटलेले प्रत्येक दूध आंबट नसते. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचे चिकाचे दूध मिसळले तरी कण पडतात. कासदाहाच्या दुधानेही पडू शकतात. परीक्षानळीने पाहिले ते एवढेच, की दूध उष्णतेला टिकले नाही. ते का टिकले नाही हे पहाटे पाच वाजता डॉकवर उभ्या माणसाला ठाऊक नसते. त्याने ‘आंबट’ लिहिले की पाहिलेल्या गोष्टीत त्याचा अंदाज मिसळतो, आणि नंतर कोणालाही तो वेगळा करता येत नाही. म्हणून शब्द ठेवला ‘सीओबी’. चाचणीचे नाव हेच कारणाचे नाव. रुक्ष आहे खरे, पण त्यात खोटे काही शिरत नाही.

हा धडा मला आधीच एका माणसाने शिकवला होता, फक्त मी तो लिहून ठेवला नव्हता. पुरंदरकडच्या एका संस्थेचे सचिव होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. एका उन्हाळ्यात त्यांच्या चार शेतकऱ्यांच्या दुधाची डिग्री लागेना आणि आमच्या माणसाने चिठ्ठीवर कारण लिहिले, ‘पाणी’. अण्णा गाडीबरोबर स्वतः आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, “साहेब, चिठ्ठी संस्थेच्या फळ्यावर लागते. तुम्ही एक शब्द लिहिलात, तिथे घराण्याचं नाव गेलं. तुम्ही पाणी घालताना बघितलंत का?”

मी बघितले नव्हते. डिग्री बघितली होती. दोन दिवसांनी आमचा पर्यवेक्षक त्या गोठ्यांवर गेला आणि जनावर समोर पिळून घेतले. धारेखालच्या दुधाचीही डिग्री तशीच कमी निघाली. त्या वर्षी चारा नव्हता, वाळल्या कडब्यावर जनावरे होती, आणि अशा वेळी एसएनएफ आपसूक उतरतो. लॅक्टोमीटरला पाणी आणि उपास यांतला फरक कळत नाही. तो सांगायला गोठणबिंदू मोजावा लागतो, कारण दुधात पाणी पडले की गोठणबिंदू शून्याकडे सरकतो; ते यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हते. अण्णांसाठी नवी चिठ्ठी केली, ‘एसएनएफ कमी’. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली आणि चहा न घेता गेले.

आखूड शब्दाचा धोका असा असतो. लांब वाक्यात ‘बहुधा’, ‘असे वाटते’, ‘चौकशी करावी’ यांना जागा असते. एका शब्दात नसते. तो शब्द फळ्यावर लागतो, अहवालात जातो, पाच वर्षांनी कोणी तरी त्यावरून संस्थेची पत ठरवतो. म्हणून शब्द जितका आखूड, तितके त्याने कमी बोलले पाहिजे. ‘भेसळ’ हा शब्द आमच्या यादीत कधीच आला नाही. ‘युरिया’, ‘साखर’, ‘स्टार्च’, ‘न्यूट्रलायझर’ आले, कारण त्या प्रत्येकामागे एक रंग आहे जो दोन माणसांना एकाच वेळी दाखवता येतो. त्यातही युरियाचा फिकट पिवळा रंग शुद्ध दुधातही थोडा येतो, कारण दुधात मुळात थोडा युरिया असतोच. तिथे निकाल लावताना शेजारी खात्रीच्या दुधाची नळी धरावी लागते. शब्द निवडला म्हणून चाचणी सोपी होत नाही.

आता तो प्रश्न, ज्यावर आमचे सर्वांत जास्त वाद झाले. एका कॅनमध्ये दोन दोष असतील तर कोणता लिहायचा? सुरुवातीला ज्याला जो मोठा वाटे तो लिहीत असे, किंवा दोन्ही : ‘वास + न्यूट्रलायझर’. जोडून लिहिले की पुन्हा नवीन कारण तयार होते. अकरा कारणांच्या जोड्या पंचावन्न होतात. ‘वास + न्यूट्रलायझर’ आणि ‘न्यूट्रलायझर + वास’ वेगळे धरले तर एकशे दहा. यादी आखूड ठेवण्याचा सगळा खटाटोप त्या एका अधिक चिन्हाने वाया जातो.

याच प्रश्नाशी झगडणारी एक फार जुनी वही आहे, मृत्यूच्या नोंदीची. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयात विल्यम फार यांच्यापुढे हेच संकट होते : एकाच आजाराला डॉक्टरागणिक वेगळे नाव, आणि बेरीज लागत नाही. १८९३ मध्ये फ्रान्सच्या झाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची एक समान यादी मांडली. आज जगभर वापरले जाणारे आजारांचे वर्गीकरण तिच्यातूनच वाढले. आपल्याकडे रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर जो नमुना क्रमांक ४ भरतात, त्यात कारणांची साखळी लिहायची असते. तात्काळ कारण कोणते, ते कशामुळे, ते कशामुळे. मात्र आकडेवारीत मोजले जाते ते साखळीच्या मुळाशी असलेले एकच कारण. आणि त्या नमुन्यात बजावलेले असते की मरण येण्याची रीत लिहू नका, हृदयक्रिया बंद पडली असे लिहू नका. कारण हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते. आमच्या जुन्या रजिस्टरात ‘दूध खराब’ असे कारण किती तरी वेळा लिहिलेले होते. ते हृदयक्रिया बंद पडण्याच्या जातीचे. परत गेलेले सगळेच दूध खराब असते.

डॉक्टर मुळातले कारण निवडतात. डॉकवर ते शक्य नाही, मुळाचा पत्ता गावात असतो. आम्ही उलटा नियम केला. चाचण्यांचा क्रम ठरलेला आहेच : वास, घाण, तापमान, सीओबी, मग न्यूट्रलायझर आणि पुढच्या. ज्या चाचणीत दूध पहिल्यांदा अडकले, तेच कारण. पुढेही दोष सापडले तर ते नोंदीत. नियमाचा गुण असा की दोन केमिस्ट एकाच कॅनला एकच कारण देतात. कोणाच्या मताला वाव उरत नाही. दोष असा की क्रमात आधी असलेली कारणे अहवालात फुगतात. वासावर परत गेलेल्या कॅनला सोडा होता की नव्हता हे बहुतेक वेळा कळत नाही, कारण तिथवर तपासणी पोहोचलेली नसते. म्हणजे ‘न्यूट्रलायझर ६’ याचा अर्थ सहा कॅनमध्ये सोडा होता असा नव्हे. आधीच्या सगळ्या चाचण्या पार करून सहा कॅन सोड्यावर अडकले, असा आहे. आम्ही डॅशबोर्डच्या त्या चित्राला मथळाच दिला, ‘पहिले अडलेले कारण’. व्यवस्थापकांना तो शब्दप्रयोग विचित्र वाटला. मी हट्टाने ठेवला. तीन शब्दांचा मथळा रोज सकाळी एक चुकीचा निष्कर्ष वाचवत असेल, तर विचित्र असू दे.

हा नियम हाताशी होता म्हणून पुढच्या उन्हाळ्यात एक गोष्ट दिसली. एका मार्गावर सीओबी एकदम घटली, आणि आम्ही आनंदात होतो. त्याच पंधरवड्यात त्याच मार्गावर न्यूट्रलायझर शून्यावरून वर आला. नळीत गुलाबी रंग. दूध थंड ठेवणे जमत नव्हते, कोणी तरी सोडा टाकून आम्लता मारत होते. दूध उकळताना टिकत होते, पण पुढच्याच नळीत सापडत होते. जुन्या पद्धतीत हे ‘फाटले नाही पण सोडा वाटतो’ अशा वाक्यात कुठे तरी बुडून गेले असते. एक पट्टी खाली, शेजारची वर, एवढ्याने ते कळले.

‘इतर’बद्दल थोडेच सांगतो. ते लागतेच, नाही ठेवले तर लोक दुसऱ्या एखाद्या बिचाऱ्या कारणाचे ‘इतर’ करतात. आमच्याकडे काही महिने ‘घाण’ या कारणाचे तसे झाले होते, न समजलेले सगळे तिथे जायचे. ‘इतर’ निवडले तर नोंद लिहिल्याशिवाय पुढे जाता येऊ नये, एवढी एक अडवणूक ठेवली. महिन्याच्या शेवटी त्या नोंदी मी वाचायचो. एकच गोष्ट तीन-चार वेळा आली की तिला यादीत जागा. अँटिबायोटिक असेच आत आले. आधी ते ‘इतर’मध्ये होते, पट्टीवरची रेघ उमटली नाही अशा नोंदींसह, मग १२ क्रमांकाने यादीत गेले.

जुने नाव बदलायचा मोह मात्र आवरला. एका नव्या व्यवस्थापकांना ‘सीओबी’ऐवजी ‘उष्णता-अस्थिर’ हवे होते. शब्द चांगला होता की नाही यात मी गेलो नाही. मी त्यांना गेल्या तीन मे महिन्यांची तुलना दाखवली आणि विचारले, नाव बदलले तर चौथा मे कोणाशेजारी उभा करायचा? आकडा ०४ तसाच ठेवून पडद्यावरचे नाव बदलता आले असते, हे त्यांना संगणकवाल्याने सांगितलेच. पण डॉकवरची माणसे, चिठ्ठीवरचा शब्द आणि पडद्यावरचा शब्द यांत फारकत झाली की पुन्हा कोणी तरी भाषांतर करत बसणार. ते ऐकून त्यांनी नाद सोडला. बोलणे चालू असताना डॉकवरून कोणी तरी ओरडत होता, “सायेब, सीओबी आलीय!” याचाही काही परिणाम झाला असावा.

गेल्या पावसाळ्यात सहज त्या डेअरीत गेलो होतो. यादी अजून डॉकवरच्या खांबाला लावलेली आहे, प्लास्टिकमध्ये, कडा ओल होऊन पिवळ्या पडलेल्या. अकराची तेरा कारणे झाली आहेत, तेरावे डिटर्जंट. ‘इतर’मध्ये त्या महिन्यात चार नोंदी होत्या, आणि त्यांतल्या दोन त्या जुन्या तरुण केमिस्टच्या, चांगल्या दोन-दोन ओळींच्या.